पहिल्या गिटारला कोणती तार?



गिटार शिकू लागलेल्या मुलांचे पालक हमखास विचारतात, ‘बोटं फार दुखतात, नायलॉनच्या तारा बसवू का?’ आज याच प्रश्नाचं उत्तर शोधू.

नायलॉनच्या सहा तारा सुरात लावल्या की ब्रिजवर साधारण ४० किलोंचा ताण येतो. स्टीलच्या बारा नंबरी सेटचा, म्हणजे ज्याची पहिली तार ०.०१२ इंच जाड असते त्याचा, ताण ७० किलोंच्या वर जातो. क्लासिकल गिटार हलक्या ताणासाठी बांधलेली असते. तिला स्टील लावलं, तर ब्रिज उखडू शकतो. उलट स्टीलच्या गिटारला नायलॉन लावलं, तर वाद्य मोडत नाही. पण तिची वरची पाटी एवढ्या कमी ताणाने पुरेशी हलत नाही आणि आवाज दबका येतो. म्हणून नायलॉन की स्टील, हे गिटार घेतानाच ठरवायचं. बोटांनी छेडायचा गोल, मऊ नाद हवा असेल तर नायलॉन. गाण्याला खणखणीत ठेका द्यायचा असेल तर स्टील.

मग स्टीलवर बोटं दुखतात त्याचं काय? बारा नंबरऐवजी दहा नंबरचा सेट लावा. ताण साठेक किलोंवर येतो. सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या की तो आणखी दहाव्या हिश्शाने कमी होतो. मूळ पट्टीत वाजवायचं असेल तेव्हा पहिल्या पडद्यावर कॅपो लावा. आवाजाचा भरदारपणा थोडा घटतो, पण मूल वाजवत राहतं. कॅपो लावल्यावर दाबणं एकदम सोपं वाटलं, तर दोष तारेचा नाही. मानेच्या टोकाची खाचांची पट्टी उंच आहे. ती कारागिराकडून घासून घ्या.

कोटेड तारांवर पॉलिमरचा पातळ थर असतो. तो बोटांना गुळगुळीत लागतो, पण ताण कमी करत नाही. त्याचं खरं काम आयुष्य वाढवणं. साध्या स्टीलच्या जाड तारांच्या वेढ्यांत घाम आणि मळ साचतो, नाद बसतो. बारीक तारांना गंज चढतो. आपल्या संभाजीनगरात उन्हाळा कोरडा असतो, पण पावसाळ्यातल्या दमट हवेत हे लवकर होतं. कोटेड सेट महाग पडतो, मात्र कित्येक पट टिकतो. तार तुटण्यापासून तो वाचवत नाही, आणि नवशिक्याच्या हातून सूर लावताना तार तुटतेच.

म्हणून पहिला सेट साधा, दहा नंबरचा घ्या. सूर लावायचा हात बसला की पावसाळ्याआधी कोटेड लावा. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसा. नखाने तारेची खालची बाजू चाचपा. पडद्यांच्या जागी खाचा लागल्या, किंवा मोकळी तार सुरात असूनही बाराव्या पडद्यावर बेसूर होऊ लागली, की सेट बदला.