टॉगल क्लँप: पिनांवर येणाऱ्या बलांचा हिशेब

भोसरी-चाकणच्या शॉपफ्लोअरवर ज्यांनी काम केलं आहे, त्यांनी वेल्डिंग फिक्स्चरवरचा टॉगल क्लँप नक्की हाताळला असेल. पत्र्याचा जॉब ठेवायचा, हँडल पुढे लोटायचं, खट् असा आवाज येतो आणि जॉब पक्का धरला जातो. हाताने लावलेला जोर जेमतेम दहा किलोचा, म्हणजे साधारण 100 न्यूटन. जॉबवर दाब मात्र त्याच्या कितीतरी पट. हा दाब किती आणि तो पेलताना कोणत्या पिनेवर किती बल येतं, एवढंच आज आपण मोजणार आहोत.

फळ्यावर क्लँपची सोपी आकृती काढली आहे. त्यात चार भाग आहेत. पहिला बेस, टेबलाला बोल्टने आवळलेला. दुसरा आर्म, म्हणजे आडवी दांडी. ती बेसला ‘अ’ पिनेवर बसवली आहे. ‘अ’पासून पुढे 100 मिलिमीटरवर स्पिंडल असून तो जॉबवर टेकतो, तर मागे 40 मिलिमीटरवर ‘ब’ पिन आहे. तिसरा भाग उभं हँडल. ते ‘ब’ पिनेवर आर्मला जोडलं आहे. आपली मूठ ‘ब’च्या 150 मिलिमीटर वर असते, आणि ‘ब’च्या खाली हँडलच्या टोकाला ‘क’ पिन आहे. चौथा भाग म्हणजे ‘क’पासून बेसवरच्या ‘ड’ पिनेपर्यंत जाणारी छोटी लिंक. हँडल पुढे लोटलं की ‘ब’, ‘क’, ‘ड’ हळूहळू एका रेषेत येतात. त्यामुळे आर्मचं मागचं टोक वर उचललं जातं आणि पुढचं टोक जॉबवर दाबलं जातं.

अख्खा क्लँप एकच वस्तू धरून समतोलाची समीकरणं मांडावीत, असं पहिल्यांदा वाटतं. त्यात हाताचा जोर येतो, जॉबची प्रतिक्रिया येते, आणि बेसच्या बोल्टची अज्ञात बलंही येतात. हाताचा जोर आणि जॉबवरचा दाब यांचं नातं त्यातून निघत नाही, कारण आतल्या पिनांवर काय चाललं आहे ते या समीकरणांना दिसतच नाही. म्हणून क्लँप खोलायचा, प्रत्येक भाग सुटा काढायचा आणि त्याच्यावरची बलं बाणांनी दाखवायची.

सुरुवात लिंकपासून करू. तिच्यावर फक्त दोन ठिकाणी बल येतं, ‘क’ला आणि ‘ड’ला. पिनांचं घर्षण आणि लिंकचं स्वतःचं वजन तूर्त सोडून देऊ. दोनच बलांवर समतोल साधायचा तर ती समान, विरुद्ध आणि एकाच रेषेत असली पाहिजेत. म्हणजे लिंकमधल्या बलाची दिशा मोजावी लागत नाही, ‘क’ आणि ‘ड’ जोडणारी रेषा हीच ती दिशा. आपण हिशेब करतो त्या क्षणाला लिंक नेमकी उभी आहे असं धरू. ती दाबली जाते आहे, म्हणून ती हँडलला ‘क’पाशी वर ढकलते.

आता हँडल. त्याच्यावर तीन ठिकाणी बल आहे: मुठीशी 100 न्यूटन पुढे, ‘क’पाशी लिंकचं बल वर, आणि ‘ब’पाशी एक अनोळखी बल. मोमेंट ‘ब’भोवती घेतले की ते अनोळखी बल समीकरणातून गळून जातं. लिंकची रेषा ‘ब’पासून 6 मिलिमीटर पुढून जाते. तेव्हा 100 गुणिले 150 बरोबर लिंकचं बल गुणिले 6. लिंकमध्ये 2500 न्यूटन. मग ‘ब’ पिन हँडलला 2500 न्यूटन खाली आणि 100 न्यूटन मागे दाबते.

इथे एक काळजी घ्यायची. आर्मच्या आकृतीत ‘ब’चे बाण उलटे करायचे: 2500 वर, 100 पुढे. हिशेब चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. आर्म हा ‘अ’वर टेकलेला सी-सॉ समजा. ‘अ’भोवती मोमेंट घेतले तर 2500 गुणिले 40 बरोबर जॉबची प्रतिक्रिया गुणिले 100. जॉबवरचा दाब 1000 न्यूटन, म्हणजे हाताच्या जोराच्या दसपट. ‘अ’ आणि ‘ब’ एकाच पातळीत असल्यामुळे आडव्या 100 न्यूटनचा मोमेंट शून्य होतो.

‘अ’ पिनेचं काय? आर्मवर ‘ब’पाशी 2500 वर आणि स्पिंडलपाशी 1000 वर, दोन्ही एकाच दिशेने. ती दोन्ही ‘अ’ पिनेलाच खाली दाबून धरावी लागतात: 3500 न्यूटन. म्हणजे जॉबला हजार मिळतात तेव्हा या पिनेवर साडेतीन हजार येतात. पडताळाही लगेच घेता येतो. बेसला ‘अ’पाशी 3500 वर आणि ‘ड’पाशी 2500 खाली, बाकी 1000 वर. जॉब आर्मला वर लोटतो तेवढेच हे 1000, आणि तेच बेसच्या बोल्टना पेलावे लागतात.

या हिशेबात कळीचा आकडा म्हणजे ते 6 मिलिमीटर. हँडल आणखी पुढे गेलं आणि ते अंतर 3 झालं, की तेवढ्याच जोरात लिंकमध्ये 5000, जॉबवर सुमारे 2000 आणि ‘अ’वर 7000 न्यूटन. अंतर दीड झालं तर जॉबवर 4000. अंतर शून्य झालं तर समीकरण अनंत म्हणतं, आणि प्रत्यक्षात तसं होत नाही.

त्याची दोन कारणं आहेत. पहिलं घर्षण. 6 मिलिमीटर व्यासाच्या पिनेत, घर्षणांक 0.15 धरला तर, बलाची रेषा पिनेच्या केंद्रापासून 0.45 मिलिमीटर सरकते. ‘ब’ आणि ‘क’ मिळून जवळजवळ एक मिलिमीटर. 6 मिलिमीटरमध्ये हा फरक फारसा जाणवत नाही. दीडमध्ये तो निम्म्याहून जास्त आहे, म्हणून 4000ऐवजी सुमारे 2500 न्यूटनच मिळतात. दुसरं कारण असं, की आपण सगळे भाग ताठ धरले. खऱ्या क्लँपमध्ये आर्म वाकतो, पत्रा दबतो, स्पिंडलचं रबर चेपतं. तिन्ही पिना एका रेषेत येताना हे सगळं मिळून किती दबलं, त्यावर शेवटचा दाब ठरतो, आणि ते किती दबायचं हे स्पिंडलच्या आट्यांवर ठरतं. स्पिंडल जास्त खाली घेतला तर हँडल रेषा ओलांडतच नाही. कमी घेतला तर खट् आवाज येतो, पण जॉब हलतो.

रेषा ओलांडून ‘क’ किंचित पलीकडे गेली की हँडल स्टॉपवर टेकतं. आता लिंकचं बल हँडलला बंद होण्याच्याच दिशेने ढकलतं, हात काढला तरी चालतो. जॉब जितका जोर करून वर उसळेल तितकं हँडल स्टॉपवर घट्ट बसतं. त्यामुळे कॅटलॉगमध्ये दिलेली धरून ठेवण्याची क्षमता म्हणजे जॉबवरचा दाब नव्हे. पिना आणि पट्ट्या किती बल सोसतील, याचा तो आकडा आहे.

म्हणून क्लँप सैल वाटला तर स्पिंडल आणखी खाली घेण्याआधी ‘अ’ पिन बघा. क्लँप उघडा ठेवून आर्म ‘अ’पाशी वर-खाली हलवा. भोक लांबट झालं असेल तर तो खेळ बोटांना कळतो. ‘ब’ जागेवर राहून आर्म ‘अ’पाशी 0.1 मिलिमीटर वर सरकला, तर स्पिंडलचं टोक 140 भागिले 40 या प्रमाणात, म्हणजे 0.35 मिलिमीटर उचललं जातं. पातळ पत्र्याच्या जॉबवर दाब नाहीसा व्हायला तेवढं पुरतं. अशा वेळी आटे फिरवून दाब परत येतोही, पण झिजलेल्या भोकावर पुन्हा साडेतीनपट बल पडतं आणि भोक आणखी लांबतं. पिन आणि बुश बदलणं, हाच त्यावरचा खरा इलाज.