चौसष्ट पानं आणि वीस मिनिटं

आम्ही ग्रामसंघाच्या हिशेबाचं काम बघणाऱ्या तिघी जणी बोलतोय. लांबलचक पॉवरपॉइंटची पानं एका संध्याकाळी पुन्हा कशी लावली, ते आज सांगतो.

वार्षिक सभेसाठी आम्ही वर्षभराच्या कामाच्या चौसष्ट स्लाइड केल्या होत्या. आदल्या दिवशी निरोप आला, की कर्जाचं बघायला बँकेचे साहेब येणार आहेत आणि त्यांच्याकडे वीसच मिनिटं आहेत. त्यांना बघायची होती परतफेड, आणि आमची परतफेड होती चाळिसाव्या स्लाइडनंतर. त्याआधी प्रशिक्षणं आणि हळदीकुंकवाचे फोटो!

पहिलं काम म्हणजे File मधलं Save As वापरून फाइलची दुसरी प्रत केली. काही बिघडलं तरी मूळ फाइल शाबूत राहते.

मग वर View वर जाऊन Slide Sorter दाबलं. जमिनीवर पापड वाळत घालावेत तशा सगळ्या स्लाइड पडद्यावर रांगेत दिसतात. Ctrl दाबून माऊसचं चाक फिरवलं की त्या लहानमोठ्या होतात. अक्षर वाचता येईल एवढ्याच लहान करा. इथे मजकूर बदलता येत नाही, फक्त जागा बदलता येते. बदल करायचा तर त्या स्लाइडवर दोनदा क्लिक करायचं.

असं सगळं समोर दिसल्यावर कळलं, की परतफेडीच्या तीन स्लाइड फोटोंमध्ये अडकल्यात. सव्वीस, एकतीस आणि पस्तीस नंबरच्या. Ctrl दाबून ठेवून तिन्हींवर क्लिक केलं आणि ओढून चाळिसाव्या स्लाइडच्या आधी सोडल्या. तिन्ही एकदम गेल्या. भटकलेल्या स्लाइड अशा आधीच गोळा करा. विभाग पाडल्यावर दोन विभागांच्या सीमेवर स्लाइड सोडली, तर ती भलत्याच विभागात जाऊन बसू शकते.

आता विभाग, म्हणजे Section. पाचव्या स्लाइडपासून प्रशिक्षण सुरू होत होतं. तिच्यावर माऊसचं उजवं बटण दाबून Add Section घेतलं. तिथून नवा विभाग सुरू झाला आणि आधीच्या चार स्लाइडचा Default Section आपोआप झाला. असंच तेविसाव्या, सदतिसाव्या, एकोणपन्नासाव्या आणि एकोणसाठाव्या स्लाइडवर केलं. पाच वेळा केलं आणि सहा विभाग झाले. Rename Section मधून नावं दिली: ओळख चार स्लाइड, प्रशिक्षण अठरा, फोटो चौदा, परतफेड बारा, व्यवसाय दहा, मागण्या सहा. बेरीज चौसष्टच आली, म्हणजे काही हरवलं नाही.

विभागाच्या नावावर उजवं बटण दाबून Collapse All घेतलं. चौसष्ट स्लाइड मिटून सहा ओळी उरल्या. मग प्रशिक्षणाच्या नावावर उजवं बटण दाबून Move Section Down चारदा घेतलं, फोटोंनाही चारदा. दोन्ही विभाग आपापल्या स्लाइडसकट खाली गेले. ओळखीनंतर लगेच परतफेड आली, मग व्यवसाय आणि मागण्या. म्हणजे पहिल्या बत्तीस स्लाइड साहेबांसाठी.

उरलेल्या बत्तीस पुसल्या नाहीत. विभाग पुन्हा उघडले, प्रशिक्षणाच्या नावावर क्लिक केलं तेव्हा त्यातल्या सगळ्या स्लाइड निवडल्या गेल्या. त्यातल्या एकीवर उजवं बटण दाबून Hide Slide घेतलं. फोटोंचंही तसंच. लपवलेल्या स्लाइडच्या नंबरवर तिरकी रेघ येते. सादर करताना त्या वगळल्या जातात, फाइलमध्ये मात्र राहतात.

इथेच आमची एक चूक झाली. नाव नको म्हणून Remove Section घ्यायचं होतं, हात पडला Remove Section & Slides वर. फोटोंच्या चौदाही स्लाइड गायब! छातीत धस्स झालं. Ctrl आणि Z दाबल्यावर परत आल्या. पहिल्याने फक्त नाव जातं, दुसऱ्याने स्लाइडही जातात. एवढा फरक पक्का लक्षात ठेवा.

शेवटी F5 दाबून सगळं मोठ्याने वाचून पाहिलं. एका स्लाइडवर ‘मागच्या पानावर पाहिलं तसं’ लिहिलेलं होतं आणि मागचं पान आता दुसरंच होतं. अनुक्रमणिकेत हाताने टाकलेले नंबरही चुकले होते. जागा बदलली तरी मजकूर स्वतःहून सुधारत नाही. तो आपणच वाचून सुधारायचा.

सभेत साहेबांनी मध्येच विचारलं, हिशेबाचं प्रशिक्षण कुणाकुणाचं झालं? प्रशिक्षण आता तेहतिसाव्या स्लाइडपासून होतं, तो नंबर आम्ही कागदावर लिहून ठेवला होता. सादरीकरण चालू असतानाच तेहतीस टाइप करून Enter दाबलं आणि लपवलेली ती यादी समोर आली. साहेबांनी नावं वाचली, मग आम्ही पुन्हा नंबर टाकून परतफेडीवर आलो. वीस मिनिटांत आमच्या मागण्याही सांगून झाल्या.