काळ्या वावरात सौरपंपाचा पाया



‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ साली आली. पंप कोणता, हे सगळे विचारतात. पॅनेलचा खांब कशात उभा आहे, हे आम्ही विचारतो.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्या हलत्या थरातच खांब रोवला तर माती त्याला दरसाल थोडा उचलते, थोडा कलवते. सांगाडा पिळतो, काच तडकते.

म्हणून मे महिन्यात भेगेत तार सोडून खोली मोजा. समजा, तार साडेतीन फूट गेली. मग खड्डा पाच फूट घ्या. त्याआधी घट्ट मुरूम लागला तर पाया त्यात रुतवा. काँक्रीटच्या बाजूने काळी माती न लोटता मुरूम ठोकून भरा आणि वरून पाणी बाहेर जाईल असा उतार द्या. पावसाळा सरला की खांबाला ओळंबा लावा. कल वाढत असेल तर पाया हलतो आहे.

रानडुक्कर खालून उकरते, म्हणून कुंपणाची जाळी फूटभर गाडा. दक्षिणेचे कुंपण पॅनेलवर सावली पडणार नाही इतके दूर ठेवा.

आपल्यादेखत खड्डा मोजल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नका.