सलाईन लावायची का?

आजार बरा होणार नाही असं कळल्यावर घरचे एक गोष्ट हमखास विचारतात. "डॉक्टर, ते काहीच खात नाहीत. सलाईन तरी लावा ना."

पारनेर तालुक्यातल्या एका घराचं उदाहरण सांगतो. आजोबांना, म्हणजे आण्णांना, फुफ्फुसाचा कॅन्सर. ते अंथरुणाला खिळलेले, दिवसभर झोपून, दोन-चार घोटांवर पाणी जात नव्हतं. "मला आता घरीच राहू द्या," असं त्यांनी शुद्धीत असताना सांगितलं होतं. तरी थोरला मुलगा त्यांना नगरला न्यायला निघाला. "उपाशी ठेवलं म्हणून भावकी बोलेल," असं त्याचं म्हणणं.

सगळ्यांना एकत्र बसवून मी आधी त्यांनाच विचारलं, "आजार कुठवर आलाय, असं तुम्हाला वाटतं?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग धाकटी सून म्हणाली, "थोडेच दिवस राहिलेत." तिथून पुढचं बोलणं सोपं झालं.

शरीर थांबायला लागलं की भूक आपोआप मरते. खाणं बंद झालं म्हणून माणूस जात नाही. तो जायला लागलाय म्हणून खाणं बंद होतं. अशा वेळी सलाईनचं पाणी शरीराला फारसं वापरता येत नाही. ते पायांवर सूज आणू शकतं, छातीत साठू शकतं, धाप वाढवू शकतं. तोंडाची कोरडही त्याने फारशी जात नाही. ती जाते ओल्या कापसाने. दर एक-दोन तासांनी ओठ, जीभ, हिरड्या पुसा आणि ओठांना तूप लावा. माणूस जागा असेल आणि गिळत असेल, तर उशीला टेकवून बसवा आणि चमच्याने घोटभर पाणी द्या. ठसका लागला तर थांबा. मात्र कालपर्यंत हिंडता-फिरता माणूस जुलाब-उलट्यांनी गळून गेला असेल, तर गोष्ट वेगळी. त्याला सलाईन लागू शकते.

मग आम्ही एका कागदावर पुढचं लिहिलं. वेदना आणि धाप यांसाठी मॉर्फिन, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत, ठरल्या वेळी. सोबत पोट साफ राहण्याचं औषध. गोळी गिळता येईना, तर त्वचेखाली इंजेक्शन कोण देणार, त्या नर्सताईंचं नाव. घशात घरघर सुरू झाली तर कुशीवर वळवायचं. ती ऐकून आपण घाबरतो, पण त्या माणसाला तिचा बहुधा त्रास होत नाही. श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू झाला, तर धावपळ न करता जवळ बसायचं. रात्री फोन कुणाला करायचा, आणि मृत्यूचा दाखला कोणते डॉक्टर देतील, हेही त्यातच होतं.

कागदाच्या दोन प्रती केल्या. एक उशाशी, एक थोरल्याच्या खिशात. पाहुणे येऊन "दवाखान्यात का नेत नाही?" म्हणू लागले, की तो कागद दाखवायचा आणि सांगायचं, "हे आण्णांनीच ठरवलंय."

तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर तो बोलू शकतोय तोवरच त्याला विचारा, "तुम्हाला कुठे राहायचंय? काय नकोय?" आणि त्याचं उत्तर डॉक्टरांसमोर लिहून घ्या.