आधी मागणी लिहा

१९६६चा नगररचना कायदा या सभागृहात समजावून सांगायला नको. निम्म्या मंडळींच्या दारावर त्याची नोटीस कधीतरी चिकटली असेल. (हशा) मला एवढंच सांगायचंय की अपील उलटीकडून लिहायला घ्या. आधी मागणी, मग कारणं.

कलम ५३च्या नोटिशीवर थेट अपील नसतं. नोटिशीतल्या मुदतीत, बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४खाली अर्ज करायचा. त्याचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीवर पाडकाम होत नाही. अर्ज नाकारला, की आदेश कळवल्यापासून ४० दिवसांत कलम ४७खाली शासनाकडे अपील. तिथला अधिकारी अपील फेटाळू शकतो, नाहीतर परवानगी देऊ शकतो, बिनशर्त किंवा बदललेल्या अटींवर. नुकसानभरपाई किंवा इंजिनिअरची बदली त्याच्या हातात नाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर. बंगल्यामागे १० बाय १२ फुटांची खोली. अपिलाचा मसुदा घेऊन आले. पहिल्या पानावर वडिलांनी प्लॉट कसा घेतला, दुसऱ्यावर शेजाऱ्याचा आंबा, तिसऱ्यावर नगरसेवक. अक्षर मात्र मोत्यासारखं! मी म्हटलं, "मास्तर, मागणी कुठाय?" म्हणाले, "न्याय मिळावा, असं लिहिलंय की!" (हशा) मग टेप काढली. नोटिशीत 'अंदाजे २०० चौरस फूट'. खोली भरली १२०. मंजूर नकाशावर टाकून पाहिली, तर १२ फूट लांबीची भिंत मोकळ्या सोडायच्या जागेत ३ फूट आलेली. म्हणजे भानगड फक्त ३६ चौरस फुटांची. उरलेले ८४ शिल्लक चटईक्षेत्रात बसत होते. मागणी आपोआप तयार झाली: ३६ फूट मी स्वखर्चानं काढतो, या अटीवर ८४ कायम ठेवायची परवानगी द्यावी. आता कारणं दोनच उरली. मोजमाप चुकलंय, सोबत आर्किटेक्टचा नकाशा. आणि नकाराची कारणं आदेशात द्यावी लागतात, इथे नुसतं 'नियमबाह्य' एवढंच. आंबा गेला, नगरसेवकही गेला. मास्तर जरा रुसलेच.

मागून कोणीतरी म्हणतंय, अतिक्रमणवाल्यांची वकिली करता. अहो, ते ३६ फूट पाडायला मीच लावले! खोली रस्त्यावर किंवा फुटपाथवर असती, तर मी मसुद्याला हातही लावला नसता.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. चिठ्ठी आलीय: अपील दाखल केलं की पाडकाम थांबतं का? नाही. नकार आला की कलम ४४च्या अर्जाचं संरक्षण संपतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४च्या निर्देशांनी पाडण्याच्या अंतिम आदेशानंतर १५ दिवस मिळतात, पण सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला तेही नाहीत. म्हणून अंतरिम स्थगितीचा अर्ज वेगळ्या कागदावर, अपिलासोबतच द्या, आणि त्याची प्रत त्याच दिवशी महापालिकेच्या आवकमध्ये देऊन शिक्का घ्या. पुढची चिठ्ठी चहाच्या वेळी.