रतीब बंद केलेल्या ताईंना काय लिहायचं?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं बोलणं, वाचकांसाठी लिहून काढलं आहे.)



आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे. आपल्या काही गटांनी शहरातल्या घरांना पिठा-मसाल्याचा महिन्याचा रतीब लावला आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की आपण पेढे वाटतो. पण एखादी ताई व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिते, "पुढच्या महिन्यापासून पाठवू नका," तेव्हा काय करतो? काही गट "बरं" एवढंच लिहून गप्प बसतात. काही गटांत तीन जणी आळीपाळीने फोन करतात, की ती ताई नंबरच बंद करून टाकते. या दोन्हीच्या मधली एक वाट आहे, ती म्हणजे एक छोटं पत्र. मोबाईलवर लिहिलेलं असलं तरी मी त्याला पत्रच म्हणते.

एका गटात घडलेलं सांगते. नाव सांगत नाही, त्या बसल्यात इथेच. त्यांचं एक चार माणसांचं घर होतं. महिन्याला चार किलो ज्वारीचं पीठ, एक किलो भाजणी, अर्धा किलो नाचणीचं पीठ आणि पाव किलो गोडा मसाला. पोचवण्याचे धरून ८०० रुपये महिना, तीन महिन्यांचे २४०० आगाऊ. वर्षभर सुरळीत चाललं. मग नव्या तिमाहीचा एकच महिना गेला आणि निरोप आला, "आता नको."

बैठकीत लगेच ठरलं की भाव जास्त झाला, किलोमागे दहा रुपये उतरवू. तिला कुणी विचारलंच नव्हतं! मी म्हटलं, भाव उतरवायच्या आधी लिहून विचारू या.

पण त्याही आधी हिशोब. तिचे दोन महिन्यांचे १६०० रुपये आपल्याकडे होते. ते त्याच दिवशी फोनवरून परत केले आणि वहीत नोंद केली. हे आधी का? आपल्याकडे तिचे पैसे अडकलेले असताना कारण विचारलं, तर ती गोडगोड बोलेल, खरं बोलणार नाही. तिला वाटेल, उत्तर आवडलं नाही तर पैसे लांबतील. पैसे हातात पडले की माणूस मोकळं बोलतं.

गटाचा पहिला मसुदा असा होता: "ताई, तुम्ही रतीब का बंद केला? आमच्या बायकांची मेहनत आहे. भाव जास्त वाटला का, चव आवडली नाही का, की उशीर झाला? परत सुरू केल्यास पन्नास रुपये सूट देऊ."

यात मला तीन गोष्टी खटकल्या. "आमच्या बायकांची मेहनत" वाचून तिला अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटलेलं माणूस उत्तर देत नाही, टाळतं. दुसरं, आपणच कारणांची यादी दिली की ती त्यातलं सोपं उचलते. बहुतेक वेळा "हो, थोडं महाग" हेच येतं, कारण तेवढं म्हटलं की विषय संपतो. आणि सूट तर पहिल्या पत्रात नकोच. सूट दिसली की प्रश्न खोटा वाटतो, आपण कारण विचारतोय की सौदा करतोय हे तिला कळत नाही.

मग आम्ही बसून दुसरं लिहिलं. ते असं:

"नमस्कार ताई. तुम्ही सांगितल्याप्रमाणे रतीब थांबवला आहे. उरलेले १६०० रुपये आज परत पाठवले, मिळाले का तेवढं बघा. वर्षभर तुम्ही आमच्याकडून पीठ घेतलंत, आभारी आहोत. एकच विचारायचं होतं, थांबवावं असं कशामुळे वाटलं? जे असेल ते सांगा, आम्हाला उपयोग होईल. वेळ नसेल तरी हरकत नाही. पुन्हा कधी काही लागलं, अगदी एकच पाकीट, तर याच नंबरवर कळवा. पुन्हा नोंदणी किंवा आगाऊ पैसे लागणार नाहीत."

खाली पीठ दळणाऱ्या आणि पाकिटं भरणाऱ्या मावशींचं नाव घातलं. गटाच्या नावाला उत्तर देताना माणूस जपून लिहितं, मावशींना लिहिताना तसं होत नाही. शेवटची ओळही नीट बघा. "दार सदैव उघडं आहे" असं लिहिलं असतं तर छान दिसलं असतं, पण तिला काय करायचं ते कळलं नसतं. एकच पाकीट चालेल, आगाऊ लागणार नाही, हा नंबर. दार उघडं म्हणजे एवढंच.

हे तिच्या एकटीच्या नंबरवर पाठवायचं, सोसायटीच्या ग्रुपवर कधीच नाही. आणि दोन-तीन दिवसांत पाठवायचं. दोन महिन्यांनी विचारलंत तर तिला स्वतःलाच कारण आठवत नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. भावाचा त्यात शब्दही नव्हता. मुलगा-मुलगी दोघंही शिकायला बाहेर गेले होते, घरी दोघंच. चार किलो पीठ दोन महिने पुरायचं, आणि शेवटी शेवटी भाकरी थापताना चिरायची. ती लिहिते, "तुमचं पीठ आधी चांगलं होतं, आता बिघडलंय असं वाटलं."

तुम्हाला लगेच कळलं असेल. पीठ जुनं झालं, विरी गेली. दळण वाईट नव्हतं, मोठं होतं. मावशी लिहायलाच निघाल्या होत्या की गरम पाण्यात मळा, चिरणार नाही. सल्ला खरा आहे, पण पहिल्या ओळीत तो आला की तिला वाटतं, हे मलाच भाकरी शिकवतायत. म्हणून आधी लिहिलं, "सांगितलंत ते बरं झालं. पीठ महिन्यापेक्षा जास्त राहिलं की असं होतं, आणि पाकिटावर दळल्याची तारीख आम्ही घालत नव्हतो." मग एवढंच, की आता एक किलोचं पाकीटही मिळेल, तारखेसह. घ्या असं म्हटलं नाही.

तिने तेव्हा काही मागवलं नाही. दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी दोन किलो मागवली, आणि तेव्हापासून महिन्याला एक किलो ज्वारी जाते. आठशेचं गिऱ्हाईक लहान झालं हे खरं. पण दोन माणसांच्या घरी चार किलो पाठवत राहण्यात काय अर्थ होता? शिवाय भाव उतरवला असता, तर सगळ्याच घरांमागे किलोला दहा रुपये गेले असते आणि ही ताई तरी आलीच नसती.

सगळ्या उत्तर देत नाहीत. नाही दिलं तर दुसरं पत्र नाही, फोन नाही. सणाच्या जाहिरातीच्या यादीतूनही तिचा नंबर काढायचा, तिने स्वतः मागितल्याशिवाय परत घालायचा नाही.

आणि उत्तरात जाळी, किडे किंवा खवट वास असं काही आलं, तर मात्र पत्रापत्री करत बसू नका. त्याच तारखेचं दळण कुणाकुणाकडे गेलं ते वहीत बघा, त्या सगळ्यांना त्याच दिवशी फोन करा आणि उरलेली पाकिटं बाजूला काढा. तारीख लिहिलेली नसेल तर हे जमणारच नाही.

ऑर्डरच्या वहीत शेवटी एक रकाना वाढवा, "का थांबवलं". त्यात तिचेच शब्द लिहा, आपला अंदाज नको. पुढच्या बैठकीला येताना ती वही घेऊन या. आपण शेवटच्या पाच ओळी एकत्र वाचू, आणि ज्यांना पत्र लिहायचं राहिलंय त्यांचं तिथेच लिहू.