रात्री एक वाजता गेलेलं रिमाइंडर

आजचा विषय छोटा आहे. लोक नाव नोंदवतात, पण येत नाहीत. मग आपण आदल्या दिवशी एक रिमाइंडर पाठवतो आणि काम झालं असं समजतो. मीही तेच करायचो. त्याची फजिती आधी सांगतो.

आमच्या सोसायटीत 12 जानेवारी 2025 ला, रविवारी, रक्तदान शिबिर होतं. नोंदणीचा फॉर्म आणि मेसेज हे खातं माझ्याकडे, कारण ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना?’ 118 जणांनी नाव दिलं, आले 49. ब्लड बँकेच्या डॉक्टर मॅडम शंभराच्या हिशेबाने माणसं आणि पिशव्या घेऊन आल्या होत्या. निघताना त्या रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, ‘आज दुसरीकडचं एक शिबिर आम्ही नाकारलं होतं.’ ते मला लागलं. कारण न आलेल्या माणसाची खुर्ची रिकामी राहते इतकाच हा प्रश्न नव्हता. दुसरीकडे मिळालं असतं ते रक्तही गेलं.

घरी येऊन लॉग बघितला. रिमाइंडर शनिवारी संध्याकाळी साडेसातला जायला हवं होतं, ते गेलं रात्री एकला. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. मी 19:30 लिहिलं, सर्व्हरने ते स्वतःचे साडेसात समजले. सगळ्यांनी मेसेज रविवारी सकाळी, उठल्यावर वाचला.

आता तुम्ही म्हणाल, बग दुरुस्त कर, विषय संपला. मलाही तसंच वाटलं होतं. पण न आलेल्यांपैकी ओळखीच्या लोकांना मी विचारत गेलो, तेव्हा कळलं की ‘विसरलो’ म्हणणारे थोडेच होते. कुणी शुक्रवारीच गावाला जायचं ठरवलं होतं. कुणी शनिवारी उशिरापर्यंत पार्टीत होतं. कुणी अँटिबायोटिक घेत होतं, पण ‘येत नाही’ हे कळवायचं कुणाला, हेच माहीत नव्हतं. आणि आलेल्यांतले नऊ जण चक्क उपाशीपोटी आले होते, रक्ततपासणीला जातात तसे! त्यांना खाऊन यायला परत पाठवावं लागलं.

म्हणजे बघा, माणूस एका क्षणी गळत नाही, वेगवेगळ्या वेळी गळतो. म्हणून रिमाइंडरची वेळ कार्यक्रमापासून मोजायची नाही. माणूस जो निर्णय घेणार आहे, त्याच्या जरा आधी मेसेज पोचला पाहिजे. मे महिन्यात, 18 तारखेच्या शिबिराला, आम्ही याच हिशेबाने तीन मेसेज केले. उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, लोक गावी असतात आणि रक्ताचा तुटवडा नेहमीचाच, त्यामुळे या वेळी चुकून चालणार नव्हतं.

पहिला मेसेज गुरुवारी रात्री आठला. सुट्टीचे बेत साधारण शुक्रवारी पक्के होतात, त्याच्या आधी. हा आठवण करून देणारा मेसेज नव्हताच, तो प्रश्न होता: ‘रविवारी येताय का?’ खाली तीन बटणं: येतोय, जमणार नाही, वेळ बदला. सोबत चार ओळी: वजन 45 किलोंच्या वर हवं, आधीच्या रक्तदानाला पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 120 दिवस झालेले हवेत, वर्षभरात टॅटू काढला असेल किंवा सध्या औषधं चालू असतील तर आधी विचारा. ‘जमणार नाही’ हे बटण मुद्दाम ठळक ठेवलं. कमिटीतले एक काका म्हणाले, ‘अरे, तू तर लोकांना नाही म्हणायला शिकवतोयस!’ पण गुरुवारी आलेला नकार उपयोगी असतो. रविवारी आलेल्या नकाराचं आपण काहीच करू शकत नाही.

104 नोंदण्या होत्या. शुक्रवारी दुपारपर्यंत 61 जण ‘येतोय’ म्हणाले, 22 जण ‘नाही’, आणि 21 जण गप्प. मी मॅडमना फोन करून साठ धरा म्हणालो.

दुसरा मेसेज शनिवारी संध्याकाळी सहाला. सहाच का? तर जेवणाचा, जागरणाचा, पिण्याचा निर्णय त्यानंतर होतो. दहाला पाठवला असता तर तो निर्णय होऊन गेलेला असता. मजकूर असा: ‘उद्या साडेदहाला तुमची वेळ आहे. आज मद्य नको, नीट झोपा. हे रक्तदान आहे, तपासणी नाही, त्यामुळे नाश्ता करूनच या. घरून किती वाजता निघाल?’

हा शेवटचा प्रश्न उगाच नाही. कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी 2011 साली फ्लूच्या लसीवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांना लसीकरणाची पत्रं गेली, त्यातल्या काहींमध्ये ‘कोणत्या दिवशी, किती वाजता जाणार’ हे स्वतः लिहायला जागा होती. ज्यांना फक्त माहिती मिळाली त्यांच्यात 33 टक्क्यांनी लस घेतली, तारीख आणि वेळ लिहायला सांगितलेल्यांत 37 टक्क्यांनी. फरक चारच टक्क्यांचा, पण एका ओळीचा.

तिसरा मेसेज रविवारी सकाळी, प्रत्येकाच्या वेळेच्या नव्वद मिनिटं आधी. अंघोळ, नाश्ता, निघणं यांना एवढा वेळ लागतोच. अर्धा तास आधीचा मेसेज फक्त अपराधी वाटायला लावतो. यात फक्त कोणत्या गेटने यायचं ते आणि नकाशा. सगळ्यांना एकाच वेळी पाठवू नका, नाहीतर सगळे एकदमच येतात, रांग लागते आणि मागचे निघून जातात.

कोड इतकाच आहे:

```
TZ = ZoneInfo("Asia/Kolkata")
slot = datetime(2025, 5, 18, 10, 30, tzinfo=TZ)
send_at = slot - timedelta(minutes=90)
```

टाइमझोन स्पष्ट लिहा. आणि अजून एक, पाठवायची यादी आधी गोठवून ठेवू नका. पाठवण्याच्या क्षणी त्या माणसाचं उत्तर पुन्हा तपासा. ‘नाही’ म्हणालेल्याला शनिवारी परत ‘उद्या या हं’ गेलं, की पुढच्या वेळी तो नंबरच ब्लॉक करतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपची साधी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल, तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. ‘गप्प’ वाटणाऱ्या काहींपर्यंत तो गेलेलाच नसतो.

मे महिन्यात 57 जण आले. ‘येतोय’ म्हणालेल्या 61 पैकी 52, आणि गप्प बसलेल्यांतले 5. उपाशीपोटी एकच, आणि त्यांची त्या दिवशी संकष्टी नव्हती, नुसती सवय! हिशेब केला तर 42 टक्क्यांवरून 55. हे सगळं मेसेजमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. महिना वेगळा होता, लोकही काही वेगळे होते. नीट कळायचं असेल तर नोंदणी क्रमांक सम-विषम करून अर्ध्यांनाच एक मेसेज पाठवावा लागेल, आणि शंभर माणसांत चार टक्क्यांचा फरक दिसणारही नाही.

मला त्याहून महत्त्वाचा आकडा दुसरा वाटतो. आम्ही साठ सांगितले होते, आले 57. मॅडमनी त्या दिवशी दोन टीम केल्या आणि दुसरी टीम दुसऱ्या शिबिराला गेली.

तुमच्याकडे पुढचा कार्यक्रम असेल, तर आधी एक कागद घ्या आणि लिहा, लोक कुठल्या दिवशी, किती वाजता गळतात. मेसेजच्या वेळा त्या कागदावरूनच निघतील. भेटू पुढच्या भागात.